साहेब, माझे पैसे अडकलेत, गड्ड्याच्या यात्रेतच अडकलेत

इथेरियमवर अडकलेला व्यवहार कसा सोडवायचा या माझ्या मागच्या पोस्टवर एका साहेबांची कॉमेंट आली:

«गॅस लिमिट वाढवून परत पाठवा हा सल्ला चूक आहे. अडकण्याचा लिमिटशी काही संबंध नसतो. नॉन्सचा तर उल्लेखच नाही. आधी स्वतःचे पैसे एकदा अडकवून बघा, मग लोकांना शिकवा. आणि फॉन्ट फार बारीक आहे.»

फॉन्टचं मान्य, आज मोठा केला. "लिमिट" हा शब्दही घाईत पडला, तिथं "फी" हवं होतं, तेही बदललं. लिमिट म्हणजे व्यवहाराला जास्तीत जास्त किती गॅस वापरू द्यायचा, फी म्हणजे त्या गॅसच्या एका युनिटला किती द्यायचं. पण चूक दाखवायची एक पद्धत असते की नाही? आमच्याकडं सोलापुरात सात रस्त्यावरचा चहावालासुद्धा पैसे कमी दिले तर आधी "मालक" म्हणतो, मग बोलतो.

नॉन्सवर पुढच्या भागात लिहिणारच होतो, ते सोडा. मला लागलं ते "स्वतःचे पैसे अडकवून बघा" हे वाक्य. २०२४ चा जानेवारी, गड्डा यात्रा चालू, पाळण्याच्या गोंगाटात उभा राहून मी मोबाइलवरनं एका मित्राला ०.२ ईथर पाठवलं. वॉलेटमध्ये कमाल फी १२ ग्वेई, म्हणजे ईथरचे १२ अब्जांश, ठेवली, आणि त्यातली ब्लॉक बनवणाऱ्याची टिप १. तेव्हा ब्लॉकची बेस फी १९ च्या आसपास होती, म्हणजे मी देतोय त्यापेक्षा दरवाजाचं तिकीटच महाग. त्यामुळं तो व्यवहार रद्द झाला नाही, फेल झाला नाही, नुसता पेंडिंग पडून राहिला.

त्याचा नॉन्स होता ४१. प्रत्येक खात्यातनं निघणाऱ्या व्यवहाराला ओळीनं नंबर पडतो आणि ४१ ब्लॉकमध्ये गेल्याशिवाय ४२ जात नाही, मग ४२ ला कितीही फी द्या. मला तेव्हा हे माहीत नव्हतं (हो, नव्हतं, हसा). तीन तासांनी मी तेच ०.२ परत पाठवलं, कमाल फी ४०, टिप २, आणि घाबरून लिमिट २१,००० वरनं ६०,००० केलं. तो झाला ४२. तोही हलेना म्हणून तसाच तिसरा, ४३. घरी येऊन लॅपटॉपवर नोडला, म्हणजे चेनची नोंद ठेवणाऱ्या संगणकाला, विचारलं:

```
eth_getTransactionCount(address, "latest")   -> 0x29
eth_getTransactionCount(address, "pending")  -> 0x2c
```

म्हणजे ४१ आणि ४४. तीन रांगेत, सगळ्यात पुढचाच अडलेला. मग मी काय शहाणपणा केला, तर ४१ नंबर वापरून स्वतःच्याच पत्त्यावर शून्य ईथर पाठवलं. पहिल्यांदा फक्त कमाल फी वाढवली, टिप १ च ठेवली, तर उत्तर आलं `replacement transaction underpriced`. बहुतेक नोडला दोन्ही किमान १० टक्क्यांनी वाढलेले लागतात. टिप २, कमाल ४० केल्यावर घेतलं. जुना ४१ बाद झाला, आणि पाठोपाठ ४२ आणि ४३ दोन्ही सुटले. मित्राला ०.२ ऐवजी ०.४ मिळालं. त्यानं परत केलं हा त्याचा चांगुलपणा, चेनवर परत मागायची सोय नाही. आता सांगा, अजून किती अडकवू?

खरं तर ४२ हेच हवं असलेलं पेमेंट धरून आधी ४३ मारायला हवा होता, त्याच नंबरानं, कमाल ४४ आणि टिप २.२ किंवा जास्त देऊन, आणि मगच ४१ ला हात लावायचा. मागनं पुढं या.

आता "लिमिटशी काही संबंध नसतो". साहेब, "काही" शब्द जरा जपून वापरा. वॉलेटमध्ये ०.०१ ईथर आहे आणि लिमिट ३,००,००० ठेवलं, फी ४० ग्वेई, तर नोड आधी ०.०१२ शिल्लक आहे का ते बघतो आणि `insufficient funds` म्हणून परत पाठवतो, साध्या पाठवणीला प्रत्यक्षात २१,००० च गॅस लागणार असला तरी. आणि उलट, टोकन पाठवताना लिमिट ३०,००० ठेवलं आणि लागले ५०-६० हजार, तर व्यवहार ब्लॉकमध्ये जातो, मध्येच गॅस संपतो, `out of gas`. टोकन तुमच्याकडंच राहतं, पण ३०,००० ची फी जाते आणि नॉन्सही खर्च होतो. तो बदलता येत नाही, नव्या नंबरानं नव्यानं पाठवावा लागतो. अडकलेला आणि फेल झालेला यातला हा फरक तुम्ही एका वाक्यात उडवलात.

बाकी, "परत पाठवा" हे दोन शब्द मी पोस्टमधनं काढलेत. तुमच्यासाठी नाही, ४३ साठी.