जॉबरकडच्या २९ किलोंबद्दल: एका स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ग्राहकांचा रिव्ह्यू: «पैसे घेऊन गळ्यात मारलेलं सॉफ्टवेअर. जॉबरकडे २९ किलो माल शिल्लक दाखवतं, प्रत्यक्षात तिथे एक बारही नाही. एक आकडा शून्य करून द्या म्हटलं तर नाही म्हणतात, वर अडवणूक. रिटर्न भरायच्या वेळी फोनसुद्धा उचलत नाहीत. मकरपुऱ्यातल्या कुणी यांच्या नादी लागू नये.»

नमस्कार साहेब,

फोन उचलला गेला नाही, त्याबद्दल मनापासून माफी. ऑक्टोबरच्या २५ तारखेआधीचे दोन-तीन दिवस आमच्याकडे सगळ्याच कारखान्यांचे फोन आयटीसी-०४ साठी, म्हणजे जॉबवर्कला गेलेल्या मालाच्या जीएसटी रिटर्नसाठी, येतात. पण ती वेळ तुमच्याही गळ्याशी आलेली होती, हे मान्य. बाकी रागावलात तेही समजू शकतो. «अडवणूक» हा शब्द मात्र जिव्हारी लागला. बडोद्यात आमचं सगळं काम ओळखीवर चालतं, आणि तुमचा रिव्ह्यू वाचून काल एका जुन्या गिऱ्हाइकाने «हे काय प्रकरण आहे?» असं विचारलं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तुमचं आणि जॉबरचं नाव घेत नाही.

तुम्ही ३२ मिमीचे ईएन-८ पोलादाचे ३ मीटरचे २० बार जॉबरकडे, म्हणजे बाहेरून काम करून देणाऱ्याकडे, टर्निंगला पाठवले. एक बार साधारण १९ किलोचा, सगळे मिळून चलानवर ३७९ किलो. परत आल्या ४६० पिना. बीओएममध्ये, म्हणजे एका नगाला किती कच्चा माल लागतो त्या यादीत, एका पिनेला ०.७६ किलो लिहिलंय. ४६० ला गुणा, साडेतीनशे किलोच्या आसपास येतं. पावती झाली तेव्हा ईआरपीने जॉबरच्या गोदामातून तेवढंच वजा केलं आणि २९ किलो तिथेच ठेवले. यात सॉफ्टवेअरने मनाचं काही केलेलं नाही. जे लिहून दिलं, त्याचा गुणाकार केला.

आता हे ०.७६ आलं कुठून? पिनेची ड्रॉइंगवरची लांबी १२० मिमी, तेवढ्याच बारचं हे वजन. तुमच्या ऑफिसमधून मेलवर आलं आणि आम्ही भरलं. पिनेच्या अंगावरून निघणारा चीप, म्हणजे धातूचा कीस, यात धरलेला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण लेथवर पिना एकमेकींपासून पार्टिंग टूलने कापाव्या लागतात. त्यात ३ मिमी जातात, फेसिंगला आणखी २. म्हणजे बारमधून दर पिनेला १२५ मिमी खर्ची पडतात. शिवाय बारचं शेवटचं टोक चकमध्ये धरलेलं असतं, त्यातून पीस निघत नाही. १०० मिमी पकड धरली तर ३ मीटरच्या बारमधून २३ पिना निघतात आणि १२५ मिमीचा एंड पीस उरतो. वीस बारांच्या ४६० पिना. तुमच्या जॉबरने एकही पीस खाल्लेला नाही, हेही यातूनच दिसतं.

हिशोब पुढे नेऊ. कटिंग-फेसिंगचे ४६० वेळा ५ मिमी म्हणजे २.३ मीटर, वजन साडेचौदा किलो. हा चीप झाला. एंड पीस २० गुणिले १२५ मिमी म्हणजे अडीच मीटर, पावणेसोळा किलो. ०.७५८ चं ०.७६ केल्यामुळे एखादा किलो इकडेतिकडे, बाकी तुमचे २९ किलो हेच. तुम्ही लिहिलंत की तिथे एक बारही नाही. बार नाहीच आहे. पण आमचा मुलगा तिथे गेला तेव्हा वीसच्या वीस एंड पीस मशीनमागच्या पत्र्याच्या डब्यात होते, वर चीप पडलेला. तुमच्या स्टोअरकीपरना ते वजन करून घ्या म्हटलं, तर ते म्हणाले, «भंगार कोण मोजत बसणार?»

बीओएममध्ये खरं वजन ०.८२४ हवं. ३७९ भागिले ४६०, बस. त्यासोबत एंड पीस आणि चीप हे स्क्रॅप आयटम म्हणून लावायचे. मग पुढच्या लॉटमध्ये जॉबरकडे जो आकडा उरेल, तो खरोखरचा बार असेल.

आता शून्य करण्याबद्दल. ईआरपीत तशी सोय आहे, ती नाही असं मी कधी म्हणालो नाही. Buying Settings मध्ये `Backflush Raw Materials of Subcontract Based On` या ठिकाणी BOM च्या जागी `Material Transferred for Subcontract` निवडलं की पाठवलेला सगळा माल आलेल्या पिनांवर वाटला जातो आणि ऑर्डर पूर्ण झाली की जॉबरकडे काही उरत नाही. दिसायला छान. पण उद्या स्टोअरमधून चुकून २० ऐवजी २१ बार गेले, तर तो एकविसावा बारही याच ४६० पिनांच्या पोटात जाईल. १९ किलो माल जॉबरकडे उभा असेल, स्क्रीनवर शून्य असेल, आणि पिनेची कॉस्ट थोडी वाढलेली कुणाच्या लक्षातही येणार नाही. ज्या कारखान्यात भंगार मोजत नाहीत तिथे हे बटण मी दाबणार नाही, हे तोंडावर सांगितलं होतं.

दुसरा मार्ग तुमच्या अकाउंटंटने सुचवला: स्टॉक रिकन्सिलिएशन टाकून २९ किलो उडवा. त्याने स्टॉक जुळेल, चलान जुळणार नाही. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर पाठवल्या तारखेलाच तो विकला असं कायदा धरतो आणि टॅक्स व्याजासकट अंगावर येतो. आयटीसी-०४ मध्ये परत आलेला माल मूळ चलान नंबरसमोर दाखवायचा असतो, आणि तिथेच घट व वेस्टचा वेगळा रकाना आहे. साडेचौदा किलो चीप तिथे बसतो. गोदामातून नुसता उडवलेला आकडा त्या रकान्यात आपोआप पोचत नाही, ते चलान उघडंच राहतं. म्हणून «थांबा, वजन येऊ द्या» म्हणालो. यालाच तुम्ही अडवणूक म्हणालात.

राहिला स्क्रॅपच्या पैशाचा प्रश्न. तुमच्यात आणि जॉबरमध्ये तोंडी ठरलंय की चीप त्याचा आणि म्हणून पिनेचा दर कमी. आमची हरकत नाही, मकरपुऱ्यात निम्मं काम असंच चालतं. फक्त तो जीएसटीत नोंदणीकृत असेल तर स्वतःच्या जागेवरून टॅक्स लावून विकू शकतो. नसेल तर ती विक्री तुमच्या बिलावर दाखवावी लागते. हे तुमच्या सीएंना विचारा, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये याचं उत्तर नाही.

फोनसाठी वेगळा माणूस ठेवायचं चाललंय, पुढच्या रिटर्नच्या आत काहीतरी व्यवस्था होईल. बीओएमचं वजन बदलायचे पैसे लावलेले नाहीत, लावणारही नाही. एंड पीसचं वजन तेवढं व्हॉट्सॲपवर पाठवा, काट्याच्या चिठ्ठीचा फोटो चालेल. मूळ चलानचं वर्ष व्हायला अजून अवकाश आहे, पण जॉबरने ते तुकडे भंगारवाल्याला दिले तर मग मोजायला काही उरणार नाही.