प्लेट कोरी राहिली त्याचं कारण

"बाळाच्या डोळ्यातला पू कल्चरला दिला, 48 तासांनी रिपोर्ट आला नो ग्रोथ. म्हणजे जंतू नव्हताच. वर कोणी क्लॅमिडिया म्हणालं तर समजा व्हायरस आहे, कारण प्लेटवर वाढत नाही तो व्हायरस, आणि व्हायरसला अँटिबायोटिक देणारे नुसते लुटतात. पुढे पाठवा."

आमच्या गावच्या ग्रुपवर हे चार वेळा फिरून आलं, म्हणून लिहितोय. मी इकडे सिंधुदुर्गात लॅबमध्ये प्लेटाच बघतो रोज.

आधी नो ग्रोथचं बघू. आमच्याकडे नऊ दिवसांचं बाळ आलं होतं, दोन्ही पापण्या सुजलेल्या, चिकट स्राव, आधी एका ठिकाणी स्वॅब झालेला आणि रिपोर्ट कोरा. आजीचा प्रश्न सरळ होता, "काय एक उगवाक नाय, मगे औषध कित्याक?" आता प्लेटवर जी ठिपक्याएवढी कॉलनी दिसते ती कधी बनते, तर जंतू अगर म्हणजे प्लेटमधल्या जेलीतलं अन्न खाऊन जागच्या जागी एकाचे दोन, दोनाचे चार होतो तेव्हा. क्लॅमिडिया हा बॅक्टेरिया जिवंत पेशीच्या आत शिरल्याशिवाय एकाचे दोन होतच नाही, मग प्लेट 48 तास ठेवा नाहीतर महिनाभर, कोरीच राहणार. त्या रिपोर्टाचा अर्थ एवढाच की अगरवर वाढणारा जंतू त्या स्वॅबमधून मिळाला नाही.

शिवाय तो स्वॅब नुसत्या पुवाचा होता. क्लॅमिडिया बसलेला असतो पापणीच्या आतल्या अस्तराच्या पेशींत, त्यामुळे पू पुसून टाकायचा आणि खालची पापणी उलटून हलकं खरवडून पेशी घ्यायच्या. तसं केलं, गिम्सा नावाच्या रंगाने स्लाइड रंगवली, आणि दोन-तीन पेशींत केंद्रकाला टोपी घातल्यासारखा निळा-जांभळा दाणेदार पुंजका दिसला. पेशीत वाढणाऱ्या क्लॅमिडियाच्या अशा पुंजक्याला इन्क्लूजन म्हणतात. (स्लाइडवर नाही दिसला म्हणजे नाहीच असंही नाही हां, म्हणून आता पीसीआर करतात, म्हणजे जंतूचा डीएनएच शोधतात.)

त्या पुंजक्यात काय चाललेलं असतं ते ऐकण्यासारखं आहे. क्लॅमिडियाची रूपं दोन. बाहेर फिरतं ते एलिमेंटरी बॉडी, जेमतेम 0.3 मायक्रॉन, कवचातली प्रथिनं गंधकाच्या बंधांनी एकमेकांना घट्ट जखडलेली, बाहेर तग धरतं, पेशीला चिकटतं, पण वाढत नाही. पेशी त्याला आत ओढून घेते, तिथे एका पिशवीत साताठ तासांत कवच सैल होतं आणि ते फुगून साधारण 1 मायक्रॉनचं रेटिक्युलेट बॉडी होतं. हे वाढतं, पण बाहेर काढलं तर टिकत नाही, दुसऱ्या पेशीत शिरायची ताकदही नाही. दिवसभराच्या आसपास यातली काही परत कवच घालून एलिमेंटरी व्हायला लागतात आणि 48 ते 72 तासांत पेशी फुटून शेकडो बाहेर. म्हणजे बाहेर टिकतं ते वाढत नाही, आणि वाढतं ते बाहेर टिकत नाही. प्लेटवर टाकणार तरी कुठलं?

यावर कोणीतरी म्हणेलच की ब्लड अगरमध्ये रक्त असतं की, पेशी मिळाल्या. अहो, ते बहुतेक मेंढीचं रक्त, तांबड्या पेशींना केंद्रक नाही, जंतूला आत ओढून घेणारी यंत्रणा नाही.

आंब्यावरचं बांडगूळ बघा. फुलटोच्या पक्षी त्याचं चिकट बी फांदीला पुसतो आणि तिथे ते मूळ आत घालतं, तेच बी तुम्ही शेणखत घातलेल्या मातीत पेरा, झाड होणार नाही. आणि बांडगुळाला हिरवी पानं असतात, थोडं अन्न स्वतः करतं, तसंच क्लॅमिडियाही थोडी ऊर्जा स्वतः बनवतो, पण पेशीचं तयार एटीपी, म्हणजे तिचं ऊर्जेचं चलन, ओढून घेतो आणि डीएनए-आरएनएचा कच्चा माल, बरीच अमिनो आम्लंही तिच्याकडूनच. 2012 साली अमेरिकेत पेशी नसलेल्या खास द्रवात दोन्ही रूपं ठेवून बघितली, प्रथिनं बनवत राहिली, पण संख्या वाढली नाही.

मग कल्चर होतच नाही का? होतं, पण जिवंत पेशींवर. मॅककॉय नावाच्या उंदराच्या पेशी काचेवर वाढवायच्या, नमुना घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा म्हणजे जंतू पेशींवर दाबले जातात, वर सायक्लोहेक्झिमाइड घालायचं, त्याने पेशीचं स्वतःचं प्रथिन बनवणं थांबतं आणि माल जंतूला उरतो. दोन-तीन दिवसांनी रंगवून इन्क्लूजन बघायचं. साध्या लॅबला हे झेपत नाही.

राहिला व्हायरस. 1907 मध्ये जावात हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक या शास्त्रज्ञांनी हे पुंजके पाहिले आणि पुढे कित्येक वर्षं लोक याला व्हायरसच समजत होते, तेव्हा फॉरवर्डवाल्याची चूक तरी खानदानी आहे. पण क्लॅमिडियाला प्रथिनं बनवणारे स्वतःचे रायबोसोम आहेत, व्हायरसला नसतात, आणि एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक नेमकं त्या रायबोसोमवरच बसतं. फक्त ते लागू पडतं वाढणाऱ्या रूपावर, कवचातलं जवळजवळ झोपलेलं असतं, म्हणून कोर्स अर्धा सोडायचा नाही. त्या बाळाला डॉक्टरांनी नुसते थेंब न देता तोंडावाटे औषध दिलं, कारण तोच जंतू घशात आणि पुढे फुप्फुसात उतरू शकतो, आणि आईबापांनाही दिलं, कारण बाळाला तो जन्मताना आईकडूनच मिळतो.