संदर्भ : आमचाच मागचा मेल

पुण्याच्या एका गिऱ्हाइकाच्या पर्चेसवाल्यानं कालच्या मंगळवारी पुन्हा तोच प्रश्न विचारला : पंपाच्या कास्टिंगला मशिनिंग अलाउन्स, म्हणजे नंतर मशीनवर कापून काढायचा जादा थर, किती ठेवलाय? उत्तर १२ मार्चच्या मेलमध्ये आहे, ड्रॉइंगसकट. बरं, त्यानं नुसतं विचारलं नाही, आमच्या मालकांना सीसीत ठेवून 'उत्तर प्रलंबित' असंही लिहिलं. म्हणजे वाचायचं ह्यानं नाही आणि प्रलंबित आम्ही! मी 'ॲज पर माय लास्ट ईमेल' एवढं टाईप केलं. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत दुपारी तीनला भट्टीपेक्षा जास्त तापलेलं काही असेल, तर ते हे वाक्य.

तेवढ्यात मागून आवाज आला, ''हे वाक्य न्हाय, बाळ. हा टोमणा हाय.''

मागं अण्णा उभे. सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झाले, आता आमच्याकडं जीएसटीचे कागद बघतात. दुसऱ्याच्या स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचणं हा त्यांचा हक्क आहे, कारण त्यांना मनात वाचता येत नाही. त्यांनी चहाचा कप माझ्या ड्रॉइंगवर ठेवला आणि माझं वाक्य तीन तऱ्हेनं म्हणून दाखवलं. एकदा सासूसारखं, एकदा हेडमास्तरांसारखं, एकदा उधारी मागायला आलेल्या माणसासारखं. तिन्ही वेळा ते फिट्ट बसलं.

''बघ, कसंबी म्हण, भांडानच हुतंय.''

''अण्णा, पण मी आधी सांगितलंय हे त्याला कळायला नको?''

''कळायला पायजे तर संदर्भ लाव की! आमच्या पत्रात वर विषय, त्याखाली संदर्भ. 'या कार्यालयाचे पत्र, जावक क्रमांक अमुक, दिनांक तमुक.' बास. म्हणजे तुला आधी लिवलं हुतं, हे साहेबाला कळतंय, पण साहेबाचं नाक कापलं जात न्हाय. तू एकदा तरी बघितलंस का संदर्भाच्या ओळीत कुणी 'अहो, मागंच सांगितलंय ना' असं लिवलेलं?''

नाही बघितलं. सरकारी पत्रावर आपण आयुष्यभर हसतो, 'उपरोक्त विषयास अनुसरून' म्हणून टर उडवतो. पण राग न दाखवता मागच्या कागदाकडं बोट दाखवायची सोय त्या कळकट कागदांनी कधीच करून ठेवलेली आहे. ही कबुली मी अण्णांसमोर दिली नाही. दिली असती तर त्यांनी दुसरा चहा मागवला असता, माझ्या खात्यावर.

त्या वाक्यात टोमण्याशिवायही एक खोट आहे. 'लास्ट' म्हणजे नेमका कुठला? १२ तारखेनंतर मी पॅकिंगबद्दल एक मेल पाठवला, गाडीच्या वेळेबद्दल दुसरा. पर्चेसवाला बिचारा गाडीच्या मेलमध्ये अलाउन्स शोधणार. शेवटचा मेल रोज बदलतो, तारीख बदलत नाही. म्हणून तारीखच लिहायची, जमलं तर मेलचा विषय आणि ड्रॉइंगचं पानही.

पण नुसतं 'खालचा मेल बघा' म्हणूनही भागत नाही, आणि इथं माझा राग पुन्हा उफाळतो. रिप्लाय केला की जीमेल काय, आउटलुक काय, मूळ मेलची जोडलेली फाईल सोबत जात नाही. फॉरवर्ड केलं तरच जाते. खालचा मजकूर मोबाईलवर तीन ठिपक्यांमागं दडलेला असतो. म्हणजे चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये मोबाईल बघणाऱ्या त्या माणसापुढं ड्रॉइंग नाही, मागचा मेल नाही, आहे फक्त आपलं तिखट वाक्य. विषय बदलून उत्तर दिलं तर आणखी मजा! जीमेल त्याची वेगळीच साखळी करतं आणि मग 'खालचा मेल' खाली उरतच नाही.

तेव्हा मी जे पाठवलं ते असं. मूळ इंग्रजीत होतं, इथं मराठीत देतो :

''फ्लँजच्या तोंडाला ४ मिमी आणि बाकीच्या मशिनिंगच्या जागांना ३ मिमी अलाउन्स ठेवला आहे. हा तपशील १२ मार्चच्या मेलमध्ये, ड्रॉइंगच्या पान २ वर आहे (रिव्हिजन बी). सोयीसाठी ड्रॉइंग पुन्हा जोडले आहे. काही बदल हवा असल्यास पॅटर्न सुरू होण्याआधी, गुरुवारपर्यंत कळवावे.''

यात आधी उत्तर, मग ते कुठं आहे, मग कागद हातात. हा क्रम उलटा केला की पुन्हा टोमणाच होतो. 'पुन्हा' हा शब्द फक्त ड्रॉइंगला लावलाय, माणसाला नाही. 'मी', 'आधीच' आणि 'कृपया लक्षात घ्या' ही तिन्ही काढून टाकली. हे शेवटचं दिसायला सभ्य, पण वाचणारा ओळखतो. आणि मालकांना सीसीत तसंच ठेवलं, कारण त्यांना 'प्रलंबित' हा शब्द आधी दिसला होता, आता तारीखही दिसू दे. एवढा सूड मी घेतला.

खरं सांगायचं तर त्याचा प्रश्न अगदीच खुळा नव्हता. दोन आकडे का, हे मागच्या मेलमध्ये लिहिलेलं नव्हतं, कारण ते आम्ही रोज बघतो. ओतताना फ्लँजचं तोंड साच्यात वर राहतं. मळी आणि वायूचे फोड वरच चढतात, म्हणून तिथं एक मिमी जास्त कापायला ठेवतो. कमी ठेवलं तर मशिनिंगला तोंड साफ निघत नाही, टवके राहतात. हे वाक्य नव्या मेलमध्ये टाकायचं होतं, पण लांबण लागेल म्हणून अण्णांनी खोडायला लावलं. निवृत्त माणसाला साच्यातलं काय कळणार, पण आवाज मोठा.

रिव्हिजन लिहिणं मात्र सोडायचं नाही. मधल्या काळात रिव्हिजन सी आली असेल आणि आपण १२ मार्चकडं बोट दाखवलं, तर आपणच त्याला जुन्या कागदावर धाडलं. मग कास्टिंग रिजेक्ट आणि फोनवर गोड आवाज, 'तुमच्याच मेलप्रमाणे केलं की.' बदल झाला असेल तर वाक्यही बदलायचं : '१२ मार्चचा आकडा आता लागू नाही, ताजा सोबतच्या पान २ वर.' दराचं भांडण असेल तर तारखेसोबत वेळही लिहावी, तिथं मवाळपणा भाषेत ठेवायचा, पुराव्यात नाही.

माझी तक्रार एवढीच की, हे सगळं सौजन्य एकाच बाजूनं चालतं. उत्तर शोधणार आम्ही, फाईल जोडणार आम्ही, तोंड गोड ठेवणार आम्ही, आणि न वाचणाऱ्याला वाटणार की शिरोलीची माणसं फार तत्पर. जीमेलमध्ये `filename:pdf` आणि आमचं नाव टाकलं असतं, तर त्याला ड्रॉइंग चहा गार व्हायच्या आत सापडलं असतं. पण शोधायचं कोण? मेल पाठवणं सोपं, त्याहून सोपं मालकांना सीसीत टाकणं.

अण्णांनी आता प्रत्येक मेलला जावक क्रमांक द्यायचं फर्मान काढलंय आणि लाल बांधणीचं रजिस्टरही आणलंय. मी तेवढं केलं नाही, फाईलच्या नावात तारीख आणि रिव्हिजन घालायला लागलोय. रजिस्टरच्या पहिल्या पानावर मात्र अण्णांनी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलंय : 'जावक क्र. १ – पुणे – विषय : अलाउन्स – उत्तर आले नाही.'