मधला एकटा उरतो तेव्हा: एका प्रतिक्रियेला उत्तर

> "सर, 1 ते 100 च्या जोड्या लावून 101 × 50 दाखवलंत, ते पटलं. पण माझ्या मुलीनं पाच पदं घेतली, तर मधलं पद एकटंच राहिलं. तुमच्या सूत्रात n/2 आहे, म्हणजे अडीच जोड्या! अर्धी जोडी म्हणजे काय, हे तिनं विचारलं आणि मला सांगता येईना. त्यापेक्षा सूत्र पाठ करायला लावलेलं बरं नाही का?"

नमस्कार. मुलीची शंका बरोबर आहे आणि चूक माझ्या मांडणीत आहे. सारख्या फरकानं वाढणाऱ्या संख्यांची बेरीज 1 + 100, 2 + 99 अशा जोड्या लावून दाखवताना मी 100 ही सम संख्या घेतली, त्यामुळे अडचण झाकली गेली. सूत्र पाठ करायचं मात्र एवढ्यात नको, कारण मांडणी थोडी बदलली की अर्धी जोडी उरतच नाही.

आपल्या खासबागेसारखं गोल कुस्ती मैदान डोळ्यांसमोर आणा. आखाड्याभोवती पायऱ्या, आणि बाहेरची प्रत्येक पायरी आतल्यापेक्षा लांब. समजा पहिल्या पायरीवर 150 माणसं बसतात आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर 9 वाढतात. (हे आकडे माझे, मैदानाचे नव्हेत. पण वाढ दर वेळी सारखीच का, हे पाहण्यासारखं आहे: पायरी 70 सें.मी. रुंद असेल तर घेर दर वेळी 2 × 3.14 × 70, म्हणजे सुमारे 440 सें.मी. वाढतो, मग मैदान लहान असो की मोठं. माणशी 48 सें.मी. धरले की झाली 9 माणसं.) पाच पायऱ्यांवर एकूण किती माणसं?

जोड्या शोधत बसू नका. तीच ओळ खाली उलटी लिहा:

```
150   159   168   177   186
186   177   168   159   150
---------------------------
336   336   336   336   336
```

इथं मुलीला थांबवा आणि विचारा, प्रत्येक उभ्या रकान्यात 336 च का आलं? एक घर उजवीकडे सरकलं की वरची संख्या 9 नं वाढते आणि खालची 9 नं कमी होते. बेरीज हलणार कशी? सगळी युक्ती या एका वाक्यात आहे. हे तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की पुढचं नुसतं गणित.

मधल्या 168 कडे बघा. तो एकटा नाही, त्याच्याखाली तोच उभा आहे. रकाने पाच, प्रत्येकात 336, एकूण 1680. पण माणसं आपण दोनदा मोजली, म्हणून निम्मी: 840. सूत्रातला 2 इथून येतो. तो जोड्या मोजत नाही, दोनदा लिहिल्याची परतफेड करतो. तिच्या पद्धतीनंही पाहा: 336 च्या दोन जोड्या म्हणजे 672, त्यात एकटा 168 मिळवला की 840 च. अडीच जोड्यांमधली "अर्धी जोडी" म्हणजे हा 168, 336 च्या बरोबर निम्मा.

आता अक्षरं घाला. पहिलं पद a, शेवटचं l, पदं n. प्रत्येक रकाना a + l, रकाने n, म्हणून

S = n × (a + l) / 2

मुलं भागाकाराला घाबरतात: विषम n चा निम्मा अपूर्णांक येईल मग? पदं पूर्णांक असतील तर n विषम असताना a + l नेहमी सम येतो, कारण शेवटापर्यंत n − 1 वेळा, म्हणजे सम वेळा, वाढ झालेली असते. तेव्हा n ऐवजी a + l ला 2 नं भागा.

सगळ्यात जास्त चुका मात्र पदं मोजण्यात होतात. 150 ते 186, वाढ 9 ची, म्हणून (186 − 150) ÷ 9 = 4, आणि पोरगं 4 पदं लिहून मोकळं होतं. 4 या उड्या आहेत. पायऱ्या एक जास्त, 5. चार धरले तर उत्तर 672 येतं, म्हणजे नेमका मधला 168 गळतो. ताळा सोपा आहे: आलेलं उत्तर पदांच्या खऱ्या संख्येनं, ओळीवर बोट ठेवून मोजलेल्या, भागा. पहिल्या आणि शेवटच्या पदाच्या बरोबर मधली संख्या यायला हवी. 840 ÷ 5 = 168, जमलं. 672 ÷ 5 = 134.4, हे तर पहिल्या पायरीपेक्षाही कमी, तेव्हा कुठंतरी गफलत आहे.

शेवटी तिला 1, 2, 4, 8, 16 ही ओळ देऊन उलटी लिहायला सांगा. रकाने 17, 10, 8, 10, 17 असे येतील. सूत्रात घातलं तर 42.5 मिळेल, खरी बेरीज 31 आहे. इथं वरची संख्या वाढते तेवढी खालची कमी होत नाही, हे तिनं तुम्हाला समजावून सांगितलं, तर मग सूत्र पाठ करायला हरकत नाही.