क्रॅकल्स म्हणजे पाणीच, असं नाही

वाचकाची प्रतिक्रिया: “डॉक्टर, नुसत्या आवाजावरून फुप्फुसाचं कळतं हे काही पटलं नाही. बाबांच्या पाठीला नळी लावून आमच्या डॉक्टरांनी ‘क्रॅकल्स आहेत, पाणी असेल’ म्हणून लघवीची गोळी दिली. महिना झाला तरी आवाज तसेच, दमही तसाच. आता एचआरसीटी करायला सांगितलंय. मग क्रॅकल्स, व्हीज, ऱ्हाँकाय असे प्रकार पाडून उपयोग काय? शेवटी सगळी घरघरच ना?”

एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन, सांगितला गेला तो त्या आवाजामुळेच. गोळी घेऊनही तो गेला नाही, ही माहितीच आहे. आवाज आजाराचं नाव सांगत नाही. आत काय घडतंय तेवढं सांगतो.

श्वास पूर्ण सोडला की फुप्फुसाच्या तळाशी असलेल्या बारीक श्वासनलिका मिटू शकतात. पुन्हा श्वास घेताना भोवतालचं फुप्फुस त्यांना ताणतं आणि एका क्षणी नलिका फटकन उघडते. त्या धक्क्याने भिंत थरथरते आणि एक ‘टिक्’ उमटतो, जेमतेम पाच मिलीसेकंदांचा. अशा अनेक नलिका पाठोपाठ उघडल्या की चपलेचा वेल्क्रो सोडवल्यासारखं ऐकू येतं. हे झाले बारीक क्रॅकल्स. त्यांना बुडबुड्यांची गरज नाही. उलट, तोच टिक् दर श्वासाला साधारण त्याच टप्प्यावर परत येतो. पाण्यात उठणारे बुडबुडे इतके शिस्तीचे नसतात.

आता बाबांचं पाहू. हृदय थकलं की फुप्फुसात पाणी साचतं, नलिकांभोवतीची जागा सुजते आणि त्या लवकर मिटतात. फायब्रोसिसमध्ये फुप्फुस कडक होतं, तरीही तळाच्या नलिका मिटतात. दोन्हीकडे आवाज श्वास घेण्याच्या उत्तरार्धात, दोन्हीकडे पाठीत खाली. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचा पहिला अंदाज चुकीच्या दिशेचा नव्हता. पण पाणी असेल तर लघवी वाढून ते उतरल्यावर क्रॅकल्स आणि दम, दोन्ही कमी व्हायला हवेत. शिवाय पायावर सूज, मानेच्या फुगलेल्या शिरा, आडवं झाल्यावर वाढणारा दम यांपैकी काहीतरी बहुधा सोबत असतं. ते नसेल, कोरडा खोकला असेल, नखं पोपटाच्या चोचीसारखी वळली असतील आणि खोकून झाल्यावरही आवाज जिथल्या तिथे असेल, तर फायब्रोसिस शोधायलाच हवा. साध्या एक्स-रेत तो सुरुवातीला सुटू शकतो, म्हणून एचआरसीटी.

जाड क्रॅकल्स वेगळे. ते लांब, खालच्या पट्टीतले, श्वासाच्या सुरुवातीलाच आणि बऱ्याचदा सोडतानाही येतात. कधी तोंडापाशी कान नेला तरी ऐकू येतात. मोठ्या नलिकांत बेडका असतो तिथे, म्हणजे नलिका कायमच्या रुंदावलेल्या असतात त्या ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये किंवा जुन्या ब्रॉन्कायटिसमध्ये. खोकून बेडका पडला की ते बदलतात. म्हणूनच मी पेशंटला आधी खोकायला लावतो आणि मग पुन्हा नळी लावतो. अर्ध्या मिनिटाचं काम, पण गर्दीच्या ओपीडीत नेमकं हेच राहून जातं.

व्हीजचा मामलाच निराळा. तो टिक् नसून लांबलेला सूर असतो. नलिका इतकी अरुंद होते की आतून जाणाऱ्या हवेने तिच्या भिंती फडफडू लागतात. बासरीत सूर आतल्या हवेच्या कंपनाचा असतो, त्यामुळे हवेऐवजी हेलियमचं मिश्रण भरलं तर तो चढतो. व्हीजची पट्टी जवळपास तीच राहते, कारण वाजते ती भिंत. दम्यात दोन्ही बाजूंना, बहुधा श्वास सोडताना, अनेक सूर एकदम येतात. पण लहान मुलाच्या एकाच बाजूला, एकाच जागी, एकच सूर येत असेल तर इनहेलर वाढवत बसण्याआधी घरच्यांना विचारायचं: शेंगदाणा खाताना ठसका लागला होता का? मोठ्यांत तसाच सूर गाठीमुळेही येतो. आणि दम्याच्या झटक्यात शिट्टी थांबली पण माणूस थकत चालला असेल, तर ते बरं वाटणं नव्हे. भिंत फडफडवण्याइतकी हवाच जात नाहीये. त्या घडीला थेट इमर्जन्सी गाठायची.

ऱ्हाँकाय म्हणजे घोरल्यासारखा खर्जातला आवाज, ढोबळमानाने २०० हर्ट्झच्या खाली. मोठ्या नलिकेत बेडका अडकलेला असतो. हवा त्याला आणि भिंतीला मिळून थरथरवते. खोकल्यावर बहुधा तो जातो किंवा जागा बदलतो. एकाच ठिकाणी ठाण मांडून बसला, तर तिथे अडथळा आहे का ते बघावं लागतं.

बाबांची लघवीची गोळी मनाने बंद करू नका. ती बीपीसाठीही असू शकते. एचआरसीटीचा रिपोर्ट दाखवायला जाल तेव्हा जुन्या गोळ्यांची यादी सोबत न्या, विशेषतः हृदयाच्या ठोक्यांसाठी अमियोडारोन, सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट किंवा लघवीच्या इन्फेक्शनसाठी बरेच दिवस नायट्रोफ्युरँटॉइन चालू होतं का ते. बाल्कनीत कबुतरं बसत असतील तर तेही न विचारता सांगा. फुप्फुस कडक होण्यामागे कधी कधी तीच असतात, आणि तसं असेल तर पुढचे उपचार वेगळे ठरतात.