‘टोकाचे शब्द दिसले की पर्याय उडवा’ हा सल्ला इथे चालत नाही

नागपूरच्या अभ्यासिकांमध्ये क्लॅट आणि बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. ‘युक्तिवाद कशाने कमकुवत होतो?’ या प्रश्नात हुशार मुलंही चुकतात, आणि माझ्या मते त्याला मुलांपेक्षा त्यांना दिलेल्या झटपट युक्त्या जास्त जबाबदार आहेत.

मी शिकवताना देतो तो एक प्रश्न बघा. समजा, व्हेरायटी चौकासारख्या काही गजबजलेल्या चौकांत कॅमेरे लावले. पुढच्या वर्षी तिथले अपघात घटले. निष्कर्ष काढला, कॅमेऱ्यांमुळेच घटले. हा कशाने कमकुवत होईल?

अ) कॅमेऱ्यांवर फार खर्च झाला.
ब) कॅमेरे असूनही काही चौकांत अपघात झाले.
क) त्या वर्षी या चौकांतली वाहनं वाढली.
ड) कॅमेरे नसलेल्या सर्व चौकांतही अपघात तेवढ्याच प्रमाणात घटले.

‘अ’ हा कॅमेरे लावावेत की नाही या वादातला मुद्दा. आपला प्रश्न अपघात कशामुळे घटले एवढाच आहे. ‘ब’ निष्कर्षाच्या विरोधात बोलल्यासारखा वाटतो, पण अपघात ‘घटले’ म्हटलंय, ‘थांबले’ नाही.

खरा चकवा ‘क’ आहे. गर्दी वाढली ही वाईट बातमी, म्हणून युक्तिवादालाही वाईट असणार, असं मन परस्पर ठरवून टाकतं. आता उलट बाजूने बघा. अपघात घटण्याचं दुसरं कारण ‘गर्दीच कमी झाली असेल’ हे असू शकलं असतं. ‘क’ ते कारण खोडतो, म्हणजे युक्तिवाद बळकट करतो! बातमी चांगली की वाईट, याचा इथे काही संबंध नाही.

उत्तर ‘ड’. जिथे कॅमेरे नाहीत तिथेही तेवढीच घट, म्हणजे कारण दुसरीकडे असण्याची शक्यता वाढली. कॅमेऱ्यांचा काहीच उपयोग झाला नाही, हे यातून सिद्ध होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. निष्कर्षावरचा भरवसा कमी झाला की पुरे.

पण पोरं ‘ड’ सोडतात. का? तर त्यात ‘सर्व’ आहे! ‘सर्व, कधीच, फक्त दिसलं की पर्याय उडवा’ हे कुणीतरी डोक्यात भरलेलं असतं. उताऱ्यावरून काय निष्पन्न होतं असं विचारलं, तर ही सावधगिरी रास्तच आहे, कारण तिथे पर्याय उताऱ्याने सिद्ध व्हावा लागतो. इथे मात्र पर्याय खरा धरूनच चालायचं असतं. ‘सर्व कशावरून?’ हा सवालच येत नाही. खरा धरल्यावर ‘सर्व चौकांत घट’ हे ‘एखाद्या चौकात घट’ यापेक्षा कितीतरी जोरात आदळतं.

म्हणून पर्याय वाचण्याआधी अर्धं मिनिट थांबा आणि मार्जिनमध्ये लिहा: अपघात घटण्याचं आणखी काय कारण असू शकेल? मग प्रत्येक पर्यायाला विचारा, तू ते कारण पुढे आणतोस, खोडतोस, की भलतंच बोलतोस?