पैसे द्यायला बोट का सरकवायचं?

आज वेंगुर्ल्याच्या बाजारात बांगडे घेतले. पैसे द्यायला बाबांनी फोन काढला आणि मागून आवाज आला, "काका, फोन मुलीकडे द्या ना!" डोकं अजून तापलेलंच आहे.

बाबांना एसेन्शियल ट्रेमर आहे. हात मांडीवर असला की शांत, कामाला उचलला की थरथर सुरू. लोकांना वाटतं यांना फोन येत नाही. सगळं येतं! रक्कम त्यांनी बरोबर टाकली. मग ती पट्टी आली, 'पैसे देण्यासाठी सरकवा'. बोट न उचलता शेवटपर्यंत न्यायचं. त्यांचं बोट मध्येच उडतं आणि गोळा पुन्हा मागे. मागे रांग. बाबा एवढंच म्हणाले, "माझां बोट थांबणा नाय, ता माका कळता. पण ह्या फोनाक थांबूक काय झाला?"

पट्टीऐवजी साधं बटण असतं तरी ते नीट केलेलं हवं. अँड्रॉइडवर बोट टेकवल्यावर ते जेमतेम दीड मिलिमीटर सरकलं, की फोन त्याला दाबणं न मानता स्क्रोल मानू शकतो. थरथरणारं बोट एवढं सहज सरकतं. मग बटण दाबलंच जात नाही, पान हलतं, आणि पुढचा टॅप भलतीकडे लागतो. म्हणून निदान पैशाच्या पानावर तरी स्क्रोल नको. बटण आडवं, रुंद, अंगठ्याला पोचेल असं खाली हवं. गूगल स्वतः 48 डीपी, म्हणजे साधारण 9 मिलिमीटर सांगतं. बाबांना तेही कमी पडतं. शेजारच्या 'रद्द करा'पासून लांब हवं. आणि काम बोट उचलल्यावर व्हावं, म्हणजे चुकीच्या जागी टेकलं तर बाजूला नेऊन सोडता येतं.

पट्टीमुळे चुकून पैसे जात नाहीत, हे मान्य. पण त्यानंतर पिन विचारताच की! मग पट्टीने वाचवलं काय?

ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.2 या, अपंगांनाही वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये हे स्पष्ट आहे: ओढून करायचं काम ओढल्याशिवायही, साध्या टॅपने करता आलं पाहिजे. ती मार्गदर्शक तत्त्वं वेबसाठी आहेत, तेही मान्य. पण बोट तेच ना?

सेटिंग्जमध्ये थोडा आधार आहे. आयफोनच्या 'टच अकोमोडेशन्स'मध्ये आणि सॅमसंगच्या 'इग्नोर रिपीटेड टचेस'मध्ये एकाच टेकवण्याचे दोन टॅप होणं टळतं. बाबांच्या फोनवर ते लावल्यापासून पिनमधला आकडा दोनदा पडत नाही, खूप बरं झालं. पण पट्टीपुढे त्याचाही इलाज चालत नाही, ती अ‍ॅपवाल्यांनीच बदलायला हवी.

त्या मागच्या माणसाचा आता तितका राग नाही, त्याला घाई होती. पण फोन दुसऱ्याला द्या म्हणजे पिनही दुसऱ्याला सांगा. आयुष्यभर स्वतःचा हिशेब स्वतः ठेवलेल्या माणसाने?

माझ्या यादीत अ‍ॅप बनवणारे बरेच जण आहात. त्या पट्टीखाली एक बटण टाका. पट्टी ठेवायची तर ठेवा, पण बटण द्या.